बसल्या बाकावर हुतुतू (भाग ६)

दहावीच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये गणिताची टेस्ट जाहीर झाली की काही मुलांच्या पोटात गोळा येतो, तळवे ओले होतात आणि श्वास उथळ, भरभर चालू लागतो. शांत बसलेल्या किशोरवयीन मुलाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा चालतो. घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत तो पंचवीसच्याही पुढे जाऊ शकतो, आणि त्या वेळी पोट जवळजवळ स्थिर राहून फक्त छाती व खांदे हलताना दिसतात. हृदयाची धडधड माणसाला हुकमाने कमी करता येत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि हवा तेव्हा ताब्यातही घेता येतो. धडधडीपर्यंत पोचण्याची वाट म्हणूनच श्वासातून जाते.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम उच्छ्वासाच्या वेळी अधिक घट्ट असतो. त्यामुळे सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवला की ठोके मंद राहण्याचा काळही वाढतो. ‘घाबरू नकोस, मोठा श्वास घे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथेच फसतो. मूल जोरजोरात श्वास ओढू लागते आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. आपल्याला काहीतरी होतेय या भीतीने मूल आणखी जोरात श्वास घेते.

उच्छ्वास लांबवण्याचा एक जुना खेळ महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. चढाई करणारा गडी एका दमात ‘हुतुतू’ किंवा ‘कबड्डी’ घुमवतो, तेव्हा तो घेतलेला श्वास सावकाश, थोडा थोडा सोडत असतो. आवाज काढायचा तर हवा एकदम सोडून चालत नाही. हाच भाग बाकावर बसून खेळता येतो, फक्त दोन नियम बदलावे लागतात. मैदानात छाती भरून श्वास घेतात, इथे तो नाकाने, नेहमीइतकाच, मनात तीन मोजेपर्यंत घ्यायचा. मैदानात दम तुटेपर्यंत खेचतात, इथे थोडा श्वास शिल्लक असतानाच थांबायचे.

समजा, साडेसहाची बॅच आहे आणि सातला टेस्ट आहे. मुले शाळेतून परस्पर आलेली, जिना चढून धापा टाकत बसलेली असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटे दप्तर लावण्यात जाऊ द्यावीत. (ज्याने दुपारपासून काही खाल्लेले नाही त्याची धडधड भुकेचीही असू शकते. त्याच्यासाठी आधी बिस्किटाचा पुडा, मग श्वास.) त्यानंतर प्रत्येक मुलाने वहीचा दोन बोटे रुंद, वीतभर लांब कागद फाडून वरच्या टोकाला धरून ओठांसमोर वीतभर अंतरावर लोंबता ठेवावा. पंखा बंद करावा. तीन मोजत श्वास घ्यायचा आणि ‘हुतुतुतू’ अगदी हळू पुटपुटत सहा मोजेपर्यंत सोडायचा. कागदाचे खालचे टोक जरासे पुढे सरून त्याच जागी थरथरत राहिले पाहिजे. टोक एकदम उडाले तर हवा घाईने गेली, आणि मध्येच खाली आले तर दम तुटला.

नऊ सेकंदांची एक फेरी धरली तर मिनिटात सहा-सात श्वास होतात. दोन मिनिटे म्हणजे साधारण तेरा फेऱ्या, टेस्टआधी एवढे पुरे. जिंकतो तो, ज्याचा कागद सर्वात स्थिर राहतो. ‘सर्वात लांब कोणाचा’ अशी चुरस सुरू झाली की मुले दम कोंडतात, चेहरे लाल होतात आणि पुढचा श्वास धापेसारखा येतो. मग शिक्षकाने सहाऐवजी चार मोजायला लावावे. पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकतो. तो दाबू नये, कारण हसतानाही श्वास सुटतोच.

दुसरा खेळ लक्षाचा आहे. डोळे मिटण्याची सक्ती न करता नजर बाकावर खाली ठेवायची, श्वास आपला आपण चालू द्यायचा आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक असे नऊपर्यंत मोजायचे. नऊ झाले की कच्च्या वहीत बरोबरची खूण करायची. आकडा हरवला, किंवा मोजता मोजता दहा-अकरावर गेले, तर टिंब द्यायचे आणि पुन्हा एकपासून. लक्ष किती टिकते हे तपासण्यासाठी मानसशास्त्रातही श्वासांची अशी मोजणी वापरतात.

तीन मिनिटांनंतर वही बोलते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर पंचेचाळीस श्वासांत जास्तीत जास्त पाच खुणा बसतात. कोणाच्या वहीत दोन खुणा आणि चार टिंबे असली तर ते अगदी नेहमीचे आहे. आठ-नऊ खुणा आल्या तर शंका घ्यावी, कारण मुलाचा श्वास तरी भरभर चालला आहे किंवा ते श्वास सोडून नुसते आकडेच म्हणत आहे. एकही टिंब नसलेल्या मुलाला शाबासकी देऊ नये. शाबासकी दिली की पुढच्या वेळी सगळी टिंबे गायब होतात. मन भरकटले हे ज्या क्षणी कळले, तो क्षण टिपणे हाच या खेळाचा सराव आहे. पेपरात पहिले उदाहरण अडल्यावर विचार ‘बाबा काय म्हणतील’ याकडे वळतो, तेव्हा नेमके हेच ओळखून प्रश्नाकडे परतावे लागते.

परीक्षेच्या हॉलमध्ये कागदही नको आणि पुटपुटही नको. पेन खाली ठेवून, तोंड मिटून, नाकाने तसेच दोन-तीन लांब उच्छ्वास सोडले की पुरते. मात्र आधी महिनाभर क्लासमध्ये सराव झाला असेल तरच ते ऐनवेळी आठवते.

या खेळांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात प्रौढांनी महिनाभर रोज पाच मिनिटे श्वासाचे व्यायाम केले. त्यात लांब उच्छ्वासाच्या पद्धतीने मनःस्थिती ध्यानापेक्षा अधिक सुधारली. उलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट सगळ्या वर्गाला सजगता शिकवण्याचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुले घरी सराव करतच नव्हती. म्हणून क्लासमध्ये हा खेळ ऐच्छिक ठेवलेला बरा. ज्याला नको त्याने खुशाल सूत्रे चाळावीत.

दमा असलेल्या मुलाने कागदाचा खेळ छाती मोकळी असेल तेव्हाच खेळावा. काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच जास्त घुसमटायला होते. त्यांनी श्वासाकडे लक्ष देणे थांबवावे आणि पावलांचा जमिनीला होणारा स्पर्श अनुभवावा किंवा रस्त्यावरचे पाच वेगवेगळे आवाज मोजावेत. भरभर जोर लावून करायची कपालभाती टेस्टआधी टाळावी, ती शांत करण्याऐवजी अंग तापवते.

मूल आठवडे न आठवडे झोपत नसेल, जेवण टाकत असेल, क्लासला यायचेच टाळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते काम खेळाचे उरत नाही. तेव्हा पालकांशी बोलून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.