गुण बदलला, मुदत तीच

डिसेंबर २०२१. लॉग४जे या जावा लायब्ररीतली पहिली दुरुस्ती अपुरी निघाली आणि १४ तारखेला CVE-2021-45046 ही नवी त्रुटी नोंदली गेली. तीव्रता दहापैकी ३.७, म्हणजे किरकोळ. समजा, एखाद्या कंपनीत किरकोळ त्रुटीला ९० दिवस आणि अतिगंभीर त्रुटीला १५ दिवस मिळतात. त्या दिवशी उघडलेल्या तिकिटावर मुदत पडली १४ मार्च. काही दिवसांतच गुण थेट ९.० झाला! मुदत आता २९ डिसेंबर हवी. पण बऱ्याच ठिकाणी तारीख तिकीट उघडताना एकदाच काढली जाते. मग फलकावर सगळं हिरवंगार दिसतं. गुण बदलला की शोधाच्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजावी. जुनी तारीख मात्र नोंदीत ठेवावी, नाहीतर तिकीट एकाएकी थकीत का झालं, याचा उलगडा होत नाही.