गॅस बंद आहे ना? : मंत्रचळाच्या जिन्यावरची उतरण

सकाळी साडेआठला घराबाहेर पडायचे म्हणून ती पावणेआठलाच तयार होते. शेगडीची दोन्ही बटणे बंद आहेत, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आहे, हे पाहते. दाराला कुलूप लावते आणि दोन जिने उतरल्यावर पुन्हा वर येते. असे पंधरा-वीस वेळा होते. हल्ली ती रेग्युलेटरचा मोबाइलवर फोटोही काढते आणि बसमध्ये तो मोठा करून पाहते. तरी ऑफिसातून नवऱ्याला फोन जातोच, ‘गॅस बंद होता ना रे?’

अडतीस वर्षांची ही नोकरदार गृहिणी एक प्रातिनिधिक रुग्ण आहे. तिच्या आजाराला मराठीत ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे, डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. गॅस बंद केला आहे हे तिला ठाऊक असते. तिला हवी असते ती शंभर टक्के खात्री, आणि तशी खात्री कोणालाच मिळत नसते. प्रत्येक तपासणीने दोन मिनिटे बरे वाटते. त्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की, धोका खरा होता आणि तपासले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते.

हे चक्र तोडणाऱ्या उपचाराला ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेंशन’, थोडक्यात ईआरपी म्हणतात. १९६६ साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर या पद्धतीने केलेल्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. या उपचाराचे दोन भाग आहेत. शंका जागी करणाऱ्या प्रसंगाला ठरवून सामोरे जायचे, आणि त्यानंतर नेहमीची कृती करायची नाही.

पहिल्या दोन भेटी माहिती गोळा करण्यात जातात. रुग्णाने आठवडाभर वहीत नोंद ठेवायची असते : शंका कधी आली, काय केले, किती वेळ गेला. या रुग्णाच्या वहीत रोजचे जवळपास दोन तास निघाले. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ‘येल-ब्राउन’ या ० ते ४० गुणांच्या मोजपट्टीवर तिला २७ गुण मिळाले, म्हणजे आजार तीव्र होता.

तिसऱ्या भेटीत भीतीचा जिना बांधला जातो. प्रत्येक प्रसंग तपासणी न करता पार पाडायचा झाला तर किती अस्वस्थ वाटेल, याला रुग्णाने स्वतःच ० ते १०० मध्ये आकडा द्यायचा असतो. तिचा जिना असा झाला : नवरा घरी असताना चहा करून, शेगडी एकदाच बंद करून स्वयंपाकघराबाहेर येणे, ३०. रात्री रेग्युलेटर एकदाच बंद करून झोपणे, ४५. घरातून सर्वांत शेवटी निघून कोपऱ्यापर्यंत जाणे आणि दहा मिनिटे न परतणे, ५५. फोटो व फोनशिवाय ऑफिसचा पूर्ण दिवस, ७०. घर बंद करून दोन दिवस गावी जाणे, ८५. ‘माझ्या चुकीने आग लागली आणि शेजारी होरपळले’ हा मनातला प्रसंग तपशिलाने लिहून रोज मोठ्याने वाचणे, ९०.

यात कुठेही गॅस उघडा ठेवायला सांगितलेले नाही. चार घरांत लोक जेवढी काळजी घेतात तेवढी तिनेही घ्यायची : बटण एकदा बंद करायचे, बस्स. खऱ्या धोक्याला नव्हे, तर ‘कदाचित’ या शब्दाला तिला सामोरे जायचे असते.

चौथ्या भेटीपासून सराव सुरू होतो. अशी भेट साधारण तासा-दीड तासाची असते आणि शक्य असेल तेव्हा रुग्णाच्या घरीच होते. प्रत्येक भेटीचे उद्दिष्ट मोजता येईल असे लिहिले जाते. तिचे पहिले उद्दिष्ट होते : चहा करणे, शेगडी एकदा बंद करणे, बाहेरच्या खोलीत चाळीस मिनिटे बसणे, मागे वळून न पाहणे, कोणाला न विचारणे. आधी तिने आपले भाकीत लिहिले, ‘दहा मिनिटांत मला राहवणार नाही, मी आत जाईन.’ सुरुवातीला अस्वस्थता ४५ होती, पाच मिनिटांनी ६५, चाळीस मिनिटांनी ४०. आकडा फारसा उतरला नाही, तरी भेट यशस्वी ठरली, कारण ती आत गेली नाही. भीती शून्यावर आणणे हे उद्दिष्ट नसतेच. भीती असतानाही कृती टाळता येते आणि शंका अनुत्तरित ठेवून दिवस जातो, हे शिकायचे असते. हीच पायरी पुढच्या भेटीपर्यंत रोज घरी करायची.

तिसऱ्या आठवड्यात एक अडचण आली. ५५ ची पायरी तिने पहिल्याच दिवशी १५ च्या अस्वस्थतेने पार केली. अनुभवी चिकित्सक अशा वेळी शाबासकी देण्याआधी चौकशी करतो. मोठी पायरी अचानक सोपी झाली तर बहुधा तपासणी लपून सुरू असते. विचारल्यावर कळले की, बटण फिरवताना ती मनात तीन वेळा ‘बंद, बंद, बंद’ म्हणत होती आणि रस्त्यात ते दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे आणत होती. नवराही निघताना सहज म्हणत होता, ‘मी पाहिलंय गं.’ हात थांबले होते, पण मन तपासतच होते.

उपाय असा ठरला : मनात ‘बंद’ आले की लगेच म्हणायचे, ‘कदाचित उघडाही असेल, मी बघायला जाणार नाही.’ आणि नवऱ्याने खात्री द्यायची नाही. त्याचे उत्तर दोघांनी मिळून ठरवले, ‘हे तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही. चल, उशीर होतोय.’ पहिले चार दिवस घरात भांडणे झाली. त्याला हे निष्ठुर वाटत होते. पण प्रेमाने दिलेली खात्री म्हणजे आजाराला दिलेला खुराकच असतो. एकदा ती अर्ध्या जिन्यावरून परत आलीच. तेव्हाही नियम ठरलेला होता : पाहिले तर पाहिले, लगेच पुन्हा बाहेर पडायचे आणि या वेळी परतायचे नाही.

चौदाव्या भेटीपर्यंत तिचे गुण २७ वरून १३ वर आले. सकाळचा पाऊण तास पाच मिनिटांवर आला. शेवटच्या दोन भेटींत पुढची तयारी झाली : आजारपण, बदली, घरातले आजारी माणूस अशा ताणाच्या काळात शंका पुन्हा डोके काढेल, तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीपासून सराव सुरू करायचा.

हा उपचार सर्वांना सारखा लागू पडत नाही. काहींना पहिली पायरीही झेपत नाही. नैराश्य खोल असेल तर आधी त्यावर उपचार लागतात. अनेकांना सोबत मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे घ्यावी लागतात, त्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. ईआरपी करणारा चिकित्सक शोधताना पहिल्या भेटीत एवढे विचारावे, ‘जिना बांधणार का, आणि सराव तुमच्यासमोर होणार का?’ नुसते ‘विचार करू नका’ असे सांगणारे समुपदेशन मंत्रचळात उपयोगी पडत नाही. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर सुरुवातीची विचारणा करता येते.

ती आजही निघताना रेग्युलेटर बंद करते, एकदाच. जिना उतरताना मनात येते, ‘बंद केला ना?’ ती उत्तर शोधत नाही. बस पकडते.