मायनॉरिटी स्ट्रेस: क्वीअर आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींना चिंता व उदासी जास्त का जाणवते?

‘डॉक्टर, तो समलिंगी आहे म्हणूनच त्याला डिप्रेशन आलं ना?’ असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. संघटनेच्या सध्याच्या यादीत ट्रान्सजेंडर असणे हाही मानसिक आजार नाही. मात्र या व्यक्तींमध्ये चिंता आणि उदासीचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते, हेही खरे आहे. हा फरक का पडतो, हे मायनॉरिटी स्ट्रेस या संकल्पनेतून समजते.

मायनॉरिटी स्ट्रेस म्हणजे काय?

नोकरी, पैसा, आजारपण यांचा ताण सगळ्यांनाच असतो. आपण ज्या गटात मोडतो त्या गटाला समाज कमी लेखतो, म्हणून त्यावर आणखी एक ताण चढतो. त्यालाच मायनॉरिटी स्ट्रेस म्हणतात. इलान मेयर या संशोधकाने २००३ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. टोमणे, मारहाण, नोकरी नाकारली जाणे हा त्याचा बाहेरून दिसणारा भाग आहे. नकाराची सततची धास्ती, स्वतःला लपवणे आणि ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असे मनात रुजणे, हा आतला भाग कुणाला दिसत नाही.

एक उदाहरण

समजा, २६ वर्षांचा एक तरुण छातीत धडधड होते आणि झोप लागत नाही म्हणून दवाखान्यात येतो. ईसीजी आणि थायरॉइडचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. ‘काही टेन्शन आहे का?’ असे विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला कुणी त्रास दिलेला नाही.

आता त्याचा सोमवार पाहा. ऑफिसात कुणीतरी विचारते, ‘सुट्टीत काय केलंस?’ तो जोडीदाराबरोबर सिनेमाला गेला होता, पण ‘मावसभावाबरोबर गेलो होतो’ असे सांगतो. हे खोटे पुढच्या वेळीही लक्षात ठेवावे लागते. जोडीदाराचा नंबर त्याने दुसऱ्याच नावाने सेव्ह केला आहे आणि फोन तो टेबलावर पालथा ठेवतो. संध्याकाळी आईचा फोन येतो, ‘एक चांगलं स्थळ आलंय.’

दिवसभरात कुणी त्याला वाईट बोललेले नाही, तरी त्याचे मन सतत पहाऱ्यावर होते. धोका समोर नसला तरी धोक्याची अपेक्षा शरीराला सावध ठेवते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणलेले राहतात, झोप उथळ होते. हे महिनोन्‌महिने चालले की चिंता आणि उदासी येऊ शकते.

ट्रान्सजेंडर व्यक्तीला बरेचदा लपवणेही शक्य नसते. ओळखपत्र दाखवताना, स्वच्छतागृहात जाताना किंवा रेल्वेचा डबा निवडताना तिला लोकांच्या नजरांना आणि प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

ताण बाहेरून येतो हे कशावरून?

२००४-०५ च्या सुमारास अमेरिकेतील काही राज्यांनी समलिंगी विवाहांवर बंदी घातली. संशोधकांनी बंदीच्या आधी आणि नंतर त्याच लोकांची पाहणी केली. बंदी आलेल्या राज्यांतील समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींमध्ये डिप्रेशनसारख्या मूडच्या आजारांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले. बंदी नसलेल्या राज्यांत अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. माणसे तीच होती, बदलली होती ती परिस्थिती.

मात्र प्रत्येक लक्षणाचे कारण मायनॉरिटी स्ट्रेसच असेल असे नाही. थायरॉइड, रक्तक्षय, व्यसन किंवा घराण्यात असलेले डिप्रेशन यांचीही तपासणी करायला हवी.

उपचार काय?

उपचार चिंता आणि उदासीवर करायचे असतात, लैंगिकतेवर किंवा लिंगओळखीवर नाही. समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांचा या रुग्णांनाही उपयोग होतो. कुणी ‘मुलाला बदलून देतो’ म्हणत असेल तर तिथे जाऊ नका. असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

घरच्यांनी काय करावे?

तुम्हाला सगळे लगेच समजले नाही तरी चालेल. मुलाने किंवा मुलीने सांगितलेले नाव वापरा. लग्नाचा विषय थांबवा. त्यांना विचारल्याशिवाय नातेवाइकांना काहीही सांगू नका. दिवसभरात निदान घरी तरी पहारा द्यावा लागला नाही, तर त्यांचा ताण बराच हलका होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उदासी, झोप न लागणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. पहिल्या भेटीत ‘माझी माहिती घरच्यांना सांगाल का?’ असे स्पष्ट विचारा. ही माहिती गुप्त ठेवली जाणे हा तुमचा हक्क आहे. मात्र जिवाला धोका असेल तर डॉक्टरांना आवश्यक तेवढी माहिती सांगावी लागू शकते. आत्महत्येचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.