दोन प्रश्न, चार प्रकार

शाळेत आपण बहुपदींचे अवयव पाडतो. x²−9 चे पडतात, x²+1 चे पडत नाहीत. सगळे सहगुणक पूर्णांक असलेल्या बहुपदी एकत्र घेतल्या की बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येणारे एक जग तयार होते. त्याला Z[x] म्हणतात. 12 चे अवयव पाडताना आपण मूळ संख्यांपर्यंत उतरतो. या जगात ते काम करणाऱ्या वस्तूला प्राइम आयडियल म्हणतात, आणि त्यांचे फक्त चारच प्रकार आहेत.

आयडियल ही कल्पना रिचर्ड डेडेकिंड यांनी 1871 मध्ये मांडली. आयडियल म्हणजे बहुपदींचा असा संच की त्यातल्या दोघींची बेरीज त्यातच राहते आणि त्यातल्या एकीला जगातल्या कोणत्याही बहुपदीने गुणले तरी गुणाकार त्यातच येतो. (3) म्हणजे 3 च्या सगळ्या पटी, अर्थात ज्यांचा प्रत्येक सहगुणक 3 ने विभाज्य आहे अशा बहुपदी. (3, x) मध्ये 3 च्या आणि x च्या पटी, शिवाय त्यांच्या बेरजाही. आयडियल प्राइम असण्याची अट अशी: एखादा गुणाकार त्यात असेल, तर निदान एक अवयव त्यात असलाच पाहिजे. सगळे Z[x] मात्र प्राइम धरत नाहीत.

आता कोणतेही एक प्राइम आयडियल घ्या आणि विचारा: यात शून्याखेरीज एखादी साधी संख्या आहे का?

समजा आहे. त्यातली सर्वांत लहान धन संख्या पाहा. ती 1 असू शकत नाही, कारण 1 आले की सगळे Z[x] आलेच. तिचे दोन लहान अवयव पडत असते, तर अटीमुळे त्यांतला एक आयडियलमध्ये आला असता आणि ‘सर्वांत लहान’ हे म्हणणे खोटे पडले असते. म्हणून ती मूळ संख्याच, p. आता दुसरा प्रश्न: p च्या पटींपलीकडे काही आहे का? नसेल, तर आयडियल (p), उदाहरणार्थ (3).

असेल, तर प्रत्येक सहगुणकाला p ने भागून बाकी तेवढी ठेवा. या बाक्यांच्या जगात बहुपदींचा भागाकार नीट चालतो, म्हणून उरलेला भाग एकाच बहुपदीच्या पटींनी बनतो, आणि त्या बहुपदीचे p च्या हिशेबात अवयव पडता कामा नयेत. हा प्रकार (p, f). x²+1 घेऊन पाहू. 3 च्या हिशेबात 0, 1, 2 टाकले की 1, 2, 2 मिळतात. शून्य कधीच येत नाही, म्हणून अवयव पडत नाहीत आणि (3, x²+1) प्राइम ठरते. 5 च्या हिशेबात मात्र 2 टाकल्यावर 5, म्हणजे शून्य, येते आणि x²+1 चे (x−2)(x+2) असे तुकडे होतात. म्हणून (5, x²+1) प्राइम नाही. त्याऐवजी (5, x−2) आणि (5, x+2) अशी दोन प्राइम आयडियल मिळतात.

आता समजा आयडियलमध्ये शून्याखेरीज एकही संख्या नाही. नुसते शून्यच असेल तर (0). तेही प्राइम आहे, कारण शून्येतर बहुपदींचा गुणाकार शून्य होत नाही. पण हा प्रकार नावापुरताच. खरा प्रकार (f): f चे अवयव पडत नाहीत आणि तिच्या सहगुणकांचा मसावि 1 आहे. ही दुसरी अट विसरणे सोपे. (2x+2) प्राइम नाही, कारण 2 आणि x+1 यांचा गुणाकार त्यात आहे, पण दोघांपैकी एकही त्यात नाही. (2x+1) मात्र आहे. पूर्णांकांत अवयव न पडणारी बहुपदी अपूर्णांक वापरूनही फुटत नाही, हा गाऊस यांचा 1801 चा सिद्धांत इथे कामाला येतो.

(f) मध्ये एकच बहुपदी का पुरते? दोन बहुपदींना सामाईक अवयव नसेल, तर त्यांच्यातून एखादी संख्या निघतेच. x²+1 आणि x−3 घ्या. x²+1 = (x−3)(x+3)+10, म्हणून दोघी ज्या आयडियलमध्ये असतील त्यात 10 येणारच. ते प्राइम असेल तर 2 किंवा 5 येईल आणि आपण पुन्हा (p, f) कडे जाऊ: इथे (2, x−3) किंवा (5, x−3). यातले (5, x−3) म्हणजे वर आलेले (5, x+2)च, कारण 5 च्या हिशेबात −3 आणि 2 एकच.

चौघांत सर्वांत मोठी (p, f) हीच. त्यांच्यात एकही नवी बहुपदी घातली की सगळे Z[x] होते. बाकी तिघांत अजून वाढायला जागा असते: (0) हे (x²+1) च्या पोटात, ते (3, x²+1) च्या पोटात.

मात्र (f) प्राइम आहे म्हणून कोणत्या तरी p साठी (p, f) प्राइम असेलच, असे समजू नका. x⁴+1 चे पूर्णांकांत अवयव पडत नाहीत, म्हणून (x⁴+1) प्राइम आहे. पण 2 च्या हिशेबात ती (x+1)⁴ होते, 3 च्या हिशेबात (x²+x+2)(x²+2x+2), आणि अशीच ती प्रत्येक मूळ संख्येच्या हिशेबात फुटते. (p, x⁴+1) हे कोणत्याही p साठी प्राइम नसते.