ऑपोझिशन मिळाले म्हणजे डाव जिंकला?

राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, असा शेवट पटावर आला की दोन समजुती हमखास ऐकू येतात. पहिली अशी, की एक प्यादे जास्त आहे म्हणजे त्याचा वजीर होणारच, फक्त वेळ लागेल. दुसरी थोडे शिकलेल्या खेळाडूची: ऑपोझिशन ज्याच्या हाती, डाव त्याचा. पहिली समजूत पटकन मोडता येते, कारण अशा असंख्य स्थिती साफ बरोबरीच्या असतात. दुसरी मात्र चिवट आहे, कारण ती अर्धी खरी आहे. दोन राजे एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर आहेत, मध्ये एकच घर मोकळे आहे आणि पाळी प्रतिस्पर्ध्याची आहे, तर ऑपोझिशन आपल्याकडे. बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही आणि राजाला राजाच्या शेजारी उभे राहता येत नाही. त्यामुळे ज्याची पाळी त्याला बाजूला सरकावे किंवा मागे हटावे लागते, आणि त्याने सोडलेल्या वाटेने समोरचा आत शिरतो. ऑपोझिशनची ताकद एवढीच आहे. ते वाट मिळवून देते, पण त्या वाटेने कुठे पोचायचे हे दुसरीच गोष्ट ठरवते.

ती दुसरी गोष्ट म्हणजे प्याद्याची मोक्याची घरे. पांढरे प्यादे ई३ वर असेल तर डी५, ई५ आणि एफ५ ही त्याची मोक्याची घरे. यांपैकी एका घरात पांढरा राजा सुखरूप पोचला की पाळी कोणाचीही असो, अचूक खेळल्यास विजय त्याचाच. प्यादे ई२ वर असेल तर ही तीन घरे चौथ्या रांगेत येतात, ई४ वर असेल तर सहाव्या. म्हणजे प्याद्याच्या पुढे, एक रांग सोडून. प्यादे पाचव्या रांगेत गेले की नियम सैल होतो आणि लगतची सहावी रांगही मोक्याची होते. राजाने प्याद्याच्या मागून नव्हे तर पुढून चालायचे, या जुन्या सल्ल्यामागचे कारण हेच. बचाव करणाऱ्याचे कामही यावरून कळते. त्याला प्यादे मारायचे नसते, पांढऱ्या राजाला त्या घरांपासून दूर ठेवायचे असते, आणि त्यासाठी ऑपोझिशन हे त्याच्याकडचे सर्वांत भरवशाचे हत्यार असते.

एकच स्थिती घेऊन पाहू: पांढरा राजा ई४ वर, प्यादे ई३ वर, काळा राजा ई६ वर. पाळी काळ्याची असेल तर तो हरतो. समजा तो डी६ वर सरकला. पांढऱ्याने त्याच्यामागे डी४ वर जायचे नाही, उलट्या बाजूने एफ५ गाठायचे. मोक्याचे घर मिळाले. काळा ई७ वर आला की पांढरा ई५, पुन्हा समोरासमोर आणि पुन्हा पाळी काळ्याची. काळा डी७, पांढरा एफ६. काळा ई८, पांढरा ई६. काळा डी८, पांढरा एफ७. आता प्याद्याची वाट पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. काळा डी७ वर येतो, प्यादे ई४ वर जाते, काळा डी६ वर येऊन प्याद्याकडे डोळा लावतो. येथे घाईने ई५ चा शह दिला तर काळा राजा ते प्यादे फुकट खाईल, कारण एफ७ वरचा पांढरा राजा ई५ सांभाळत नाही. आधी राजा एफ६ वर, मग प्यादे पुढे. जिंकलेला डाव हातचा जातो तो बहुधा अशाच जागी, जिथे अवघड भाग संपला असे वाटते.

आता तीच स्थिती, पण पाळी पांढऱ्याची. तो डी४ वर गेला तर काळा डी६, एफ४ वर गेला तर काळा एफ६. आत शिरायला वाटच नाही. समजा पांढरा राजा डी४ वर, काळा डी६ वर आला आणि पांढऱ्याने प्यादे ई४ वर ढकलले. काळा ई६. प्यादे ई५, काळा ई७. पांढरा राजा डी५, काळा डी७. प्यादे शह देत ई६ वर, काळा ई७. पांढरा राजा ई५ वर येतो आणि बचावाची खरी परीक्षा इथे होते. काळ्याने सरळ मागे, ई८ वरच जायचे. डी८ वर गेला तर पांढरा डी६ घेतो, काळ्याला ई८ वर यावे लागते, प्यादे ई७ वर जाते, काळा राजा एफ७ वर ढकलला जातो आणि पांढरा राजा डी७ वर येऊन वजीर पक्का करतो. ई८ वर गेल्यास मात्र पांढरा ज्या बाजूने पुढे येईल त्याच बाजूला काळा त्याच्यासमोर उभा राहतो. डी६ ला डी८, मग ई७ चा शह, राजा ई८, आणि पांढरा ई६ वर आला की स्टेलमेट: शह नाही, पण चालही नाही, डाव बरोबरीत. यातून एक उपयोगी खूण मिळते. पांढरा राजा सहाव्या रांगेत प्याद्याशेजारी असताना प्यादे शह न देता सातव्या रांगेत शिरले तर जिंकते. शह देत शिरले तर काळा राजा त्याच्यासमोर ठाण मांडतो आणि जोर संपतो.

मग ‘ऑपोझिशन ज्याचे, डाव त्याचा’ असे म्हणायला हरकत काय? हरकत अशी. पांढरा राजा ई६ वर, प्यादे ई५ वर, काळा राजा ई८ वर आणि पाळी पांढऱ्याची. व्याख्येप्रमाणे ऑपोझिशन काळ्याकडे आहे, तरी तो हरतो. पांढरा डी६ वर जातो, काळा डी८ वर येऊन ऑपोझिशन पुन्हा मिळवतो, पण प्यादे ई६ वर जाते आणि आता पाळी काळ्याची. तो ई८ वर येतो, प्यादे शह न देता ई७ वर, आणि पुढचे वर आलेच आहे. पांढरा राजा आधीच मोक्याच्या घरात होता. तिथे पोचल्यावर ऑपोझिशन प्रतिस्पर्ध्याकडे असले तरी बिघडत नाही. शिवाय प्याद्याची एक राखीव चाल सगळे गणित उलटवते. पहिल्या स्थितीत प्यादे ई३ ऐवजी ई२ वर असते, तर पाळी असूनही पांढरा शांतपणे प्यादे ई३ वर ठेवून पाळी काळ्यावर ढकलतो. म्हणूनच राजा पुढे आणि प्यादे जमेल तितके मागे ठेवणे फायद्याचे. ‘प्यादे लवकर पळवा’ हा सल्ला इथे घातक ठरतो: काळा राजा प्याद्याला गाठू शकत नसेल तर जरूर पळवावे, पण तो वाटेत असेल तर प्रत्येक घाईची खेळी म्हणजे एक राखीव चाल उधळणे.

यावर कोणी म्हणेल, मग मोक्याची घरेच मोजू, ऑपोझिशन शिकायचे कशाला? कारण घरे दूर असताना तिथे कोण आधी पोचणार हे बरेचदा त्यावरच ठरते. राजांमध्ये तीन किंवा पाच मोकळी घरे असली तरी तोच हिशेब लागू पडतो: संख्या विषम आणि पाळी प्रतिस्पर्ध्याची, तर लांबचे ऑपोझिशन आपले. मात्र स्वतःचे प्यादे आपल्याच राजाच्या वाटेत असेल तर हा हिशेब फसतो, कारण हवे ते घर रिकामे नसते. दोन्हीकडची प्यादी एकमेकांना अडवून बसली की केवळ समोरासमोर उभे राहणे पुरत नाही, राजांच्या घरांच्या जोड्या लावाव्या लागतात. चित्रकार मार्सेल द्युशाँ आणि व्हिताली हाल्बरश्टाट यांनी १९३२ मध्ये याच विषयावर एक अख्खे पुस्तक काढले.

एका ठिकाणी मात्र ही सगळी विद्या निरुपयोगी ठरते: पटाच्या कडेचे प्यादे. पांढरा राजा बी६ वर, प्यादे ए६ वर आणि काळा राजा ए८ वर असू द्या, पाळी पांढऱ्याची. प्यादे शह न देता ए७ वर गेले, तरी ते जिंकत नाही, उलट लगेच स्टेलमेट होते, कारण काळ्याला निसटायला दुसरी बाजूच नाही. काळा राजा कोपऱ्यात पोचला की पांढऱ्याचे ऑपोझिशन शोभेपुरते उरते. म्हणून बचाव करणाऱ्याने शक्य असेल तर मधली प्यादी मारामारीत संपवावी आणि प्रतिस्पर्ध्याकडे उरू द्यायचेच असेल तर ए किंवा एच पट्टीतले प्यादे उरू द्यावे.