पासावळ्यात छत्री विसरू नका!

फळ्यावरचं वरचं वाक्य मुलं अडखळत का होईना, वाचतातच. मग शिक्षकांनी ‘छत्री विसरू नका’ पुसून नुसतं ‘पासावळ्यात’ ठेवावं आणि दुसऱ्या गटाला वाचायला द्यावं. त्यांना जास्त वेळ लागतो, कारण ‘पावसाळ्यात’कडे बोट दाखवणारी छत्रीच नाहीशी झालेली असते.

खेळाचा नियम सोपा आहे: पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर, मधली अदलाबदल. मात्र काना-मात्रा अक्षरापासून तोडू नयेत. तोडल्या तर शब्द वाचताच येत नाही. तीन अक्षरी शब्दात हलवायला मधे काही उरत नाही, म्हणून चार-पाच अक्षरी शब्द निवडावेत.

अशा उलटापालटीवर ग्रॅहम रॉलिन्सन यांनी 1976 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात प्रबंध लिहिला. 2003 मध्ये केंब्रिजच्या नावाने फिरलेल्या ईमेलमध्ये मात्र मधल्या अक्षरांच्या क्रमाने काहीच फरक पडत नाही, असा दावा होता. तो खोटा आहे. वाचनाचा वेग कमी होतोच.

खरी मजा पुढच्या फेरीत आहे. ‘आजीने गरम वाडा तळला’: इथे ‘वाडा’ शब्द शुद्ध, पण तळतात तो वडा. मुलं क्रियापदावरून चूक पकडतात. ‘त्याने वाडा विकला’ यात मात्र दोन्ही अर्थ बसतात. इथे अंदाज न बांधता लिहिणाऱ्यालाच विचारावं.