आयतुल्कुर्सीचा पदशः अर्थ

ताइतांवर व मोहरांवर आढळणारी आयतुल्कुर्सी ही कुराणांतील दुसऱ्या सूरेची २५५ वी आयत होय. रक्षणार्थ तीच कां पढतात, हें तिच्या पदांवरूनच उमगतें. आरंभीं, अल्लावांचून उपास्य नाहीं असें सांगून त्यास ‘हय्य’ (नित्यजीवी) व ‘कय्यूम’ (स्वयंस्थित, सर्वांस धारण करणारा) म्हटलें आहे. त्यास ‘सिनत’ ग्रासीत नाहीं, ‘नौम’ही नाहीं. सिनत म्हणजे डुलकी, नौम म्हणजे निद्रा; दोहोंस ‘झोंप’ म्हणणें सदोष, कारण पहारेकरी आधीं पेंगतो, मग निजतो. पुढें, द्यावापृथिवींतील सर्व त्याचें. त्याच्या अनुज्ञेवांचून रदबदली कोणी करूं शकत नाहीं. जीवांचें पुढलें-मागलें तो जाणतो, व त्याच्या इच्छेपुरतेंच ज्ञान इतरांस लाभतें. त्याची ‘कुर्सी’ आकाशें व पृथ्वी व्यापते. सिंहासनास कुराणांत ‘अर्श’ हा निराळा शब्द आहे. कुर्सीचा अर्थ ‘ज्ञान’ असाही तबरीनें इब्न अब्बास यांच्या नांवें नोंदला आहे. अखेरीस ‘हिफ्ज’ हें पद येतें: त्या उभयतांचें रक्षण त्यास जड जात नाहीं; तो उच्च व महान आहे. ‘उभयतां’ हें मूळांत द्विवचनी सर्वनाम आहे. आकाशें अनेक असलीं तरी त्यांस एक धरून पृथ्वी दुसरी; पढणाराचा येथें उल्लेखच नाहीं. आपलें रक्षण तो या रक्षणावरून अनुमानानें घेतो.